गुलाबी बोंडअळीच्या जनुकसंचात सिलेक्टिव्ह स्वीप कसा ओळखायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या एम.एस्सी. आणि पीएच.डी.च्या मुलांकडून कापसावरच्या किडीबद्दल येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांच्या हातात सिक्वेन्सिंग होऊन आलेली व्हीसीएफ फाइल असते आणि "आता यात निवड कुठे झाली ते कसं शोधायचं?" हा प्रश्न असतो. उदाहरण सगळीकडे एकच ठेवलं आहे: बीटी कापसाला दाद न देणारी गुलाबी बोंडअळी. उदाहरणातले खिडक्यांचे, म्हणजे जनुकसंचाच्या ठरावीक लांबीच्या तुकड्यांचे, आकडे हिशेब समजावा म्हणून मांडलेले आहेत, कुठल्या शेतातून मोजून आणलेले नाहीत.

स्वीप म्हणजे नेमकं काय घडतं?

एका गुणसूत्रावर एखादं फायद्याचं उत्परिवर्तन आहे असं धरा. ते ज्या अळीत आहे ती बीटीचं बोंड खाऊनही जगते, बाकीच्या मरतात. पुढच्या पिढ्यांमध्ये हे रूप वाढत जातं. पण उत्परिवर्तन एकटं वाढत नाही. ते ज्या गुणसूत्राच्या तुकड्यावर बसलेलं आहे तो तुकडाही त्याच्याबरोबर वाढतो, आणि त्या तुकड्यावर योगायोगाने असलेले बाकीचे सगळे फरकही फुकटात वाढतात. १९७४ मध्ये जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉन हेग यांनी याचं गणित मांडलं आणि त्याला हिचहायकिंग हे नाव दिलं. वरातीच्या ट्रॅक्टरवर नवरदेवाबरोबर गावातली चार पोरं चढून येतात, तसंच हे.

फायद्याचं रूप सगळीकडे पसरेपर्यंत त्या जागी इतर सगळी गुणसूत्रं मागे पडलेली असतात. म्हणून तिथली विविधता घटते. ती π ने मोजतात: कुठल्याही दोन प्रतींमध्ये सरासरी किती फरक आहेत ती संख्या. जनुकापासून जसजसं लांब जावं तसतशी पुनर्संयोजनाने तुकड्यांची अदलाबदल झालेली असते, आणि विविधता हळूहळू नेहमीच्या पातळीवर येते. आलेखावर ही एक दरी दिसते: मध्ये खोल, दोन्ही काठांना चढत जाणारी.

मग π चा आलेख काढला, दरी दिसली, झालं. आणखी काय लागतं?

दरी अनेक कारणांनी पडते. त्या जागी पुनर्संयोजन कमी असेल, उत्परिवर्तनाचा दर कमी असेल, जनुकं दाटीने असतील आणि घातक उत्परिवर्तनं सतत काढून टाकली जात असतील, किंवा नुसतं रीड्सचं मॅपिंग वाईट झालं असेल, तरी π कमीच येतो. म्हणून विविधता किती उरली एवढंच न पाहता उरलेली विविधता कशी वाटली गेली आहे हेही पाहावं लागतं. त्यालाच फ्रीक्वेन्सी स्पेक्ट्रम म्हणतात: नमुन्यात एकाच गुणसूत्रावर दिसणाऱ्या जागा किती, दोनवर दिसणाऱ्या किती, असं करत थेट एक सोडून बाकी सर्वांवर दिसणाऱ्या किती.

स्वीपनंतर या वाटपाला दोन्ही टोकांकडे ओढ बसते. एका टोकाला अगदी विरळ फरक वाढतात, दुसऱ्या टोकाला जवळजवळ सगळ्यांवर असलेले नवे फरक वाढतात, आणि मधले गायब होतात. फुमिओ ताजिमा यांची १९८९ ची डी ही संख्या पहिल्या टोकाकडे लक्ष देते. फे आणि वू यांची २००० सालची एच ही संख्या दुसऱ्या टोकाकडे पाहते.

एक खिडकी पूर्ण हिशेबासह दाखवता येईल का?

दाखवतो. पाच पतंग घेतले, म्हणजे गुणसूत्रांच्या दहा प्रती, n = 10. दहा हजार बेसची एक खिडकी संशयित जनुकापासून खूप लांब घेतली, तिला अ म्हणू. दुसरी जनुकापासून साधारण १२० किलोबेसवर, ती ब.

खिडकी अ मध्ये २८ बदलत्या जागा आहेत. नवं रूप एकाच प्रतीवर असलेल्या १० जागा, दोनवर ५, तीनवर ३, चार, पाच, सहा आणि सातवर प्रत्येकी २, आठवर १, नऊवर १.

खिडकी ब मध्ये फक्त ९ जागा आहेत. एकाच प्रतीवर ६, दोनवर १, नऊवर २. मधलं काहीच नाही.

सूत्रं अशी, i म्हणजे नवं रूप किती प्रतींवर आहे ती संख्या, S म्हणजे खिडकीतल्या एकूण बदलत्या जागा, आणि θW व θH हे विविधतेचेच वेगळ्या पद्धतीने काढलेले अंदाज:

```
π   = Σ 2 i (n−i) / (n(n−1))
θW  = S / a1,   a1 = 1 + 1/2 + ... + 1/(n−1)
θH  = Σ 2 i² / (n(n−1))
H   = π − θH
```

n = 10 साठी a1 = २.८२९. खिडकी अ मध्ये π = ९.९१ आणि θW = २८ / २.८२९ = ९.९०. दोन्ही जवळजवळ सारखे, म्हणून ताजिमा डी शून्याच्या आसपास. θH = १०.०९, म्हणजे एच = −०.१८, दखल घेण्यासारखं काही नाही.

खिडकी ब मध्ये एकेका प्रतीवरच्या सहा जागा प्रत्येकी ०.२ देतात, म्हणजे १.२. दोनवरची जागा ०.३५६ देते. नऊवरच्या दोन पुन्हा प्रत्येकी ०.२, म्हणजे ०.४. एकूण π = १.९६. अ च्या मानाने ही विविधता जेमतेम पाचवा हिस्सा आहे. θW = ९ / २.८२९ = ३.१८. फरक −१.२३, त्याला प्रमाण विचलन ०.७३ ने भागलं की डी = −१.६९. θH मध्ये नऊवरच्या दोन जागा एकट्याच ३.६ टाकतात, एकूण ३.८२, म्हणून एच = −१.८७.

π मोजताना एकवर असलेली जागा आणि नऊवर असलेली जागा यांत काही भेद होत नाही, दोन्ही ०.२ च देतात. भेद फक्त θH मध्ये दिसतो. त्यामुळे डी आणि एच सोबत वाचल्याशिवाय चित्र पुरं होत नाही.

डी −१.६९ आला म्हणजे स्वीप झाला, असं लिहू का?

एवढ्यावर नको. आधी हे विचारा: ते सहा एकेकटे फरक आले कुठून?

पाठ्यपुस्तकात लिहिलेलं असतं की स्वीपनंतर सगळी विविधता पुसली जाते आणि मग नवी उत्परिवर्तनं येतात, ती विरळ असतात, म्हणून डी ऋण. हे बरोबर आहे, पण त्याला वेळ लागतो. बीटी कापसाला भारतात परवानगी २००२ मध्ये मिळाली, आणि दोन जनुकांचं वाण २००६ मध्ये आलं. गुलाबी बोंडअळीच्या वर्षाला पाच पिढ्या धरल्या तर वीस वर्षांत शंभर पिढ्या होतात. हेलिकोनियस फुलपाखरात मोजलेला उत्परिवर्तनाचा दर एका बेसला एका पिढीत २.९ × १०⁻⁹ आहे. तोच धरला तर दहा हजार बेसच्या खिडकीत, शंभर पिढ्यांत, एका प्रतीवर नवीन उत्परिवर्तन येण्याची अपेक्षा ०.००३. दहा प्रती मिळून ०.०३. म्हणजे सहा सोडा, एकही येण्याची शक्यता नगण्य.

मग ते सहा फरक तीन प्रकारे येऊ शकतात. एक, स्वीप बीटीच्या कितीतरी आधीचा आहे आणि त्याचा कापसाशी संबंध नसेल. दोन, ते सिक्वेन्सिंगच्या चुका आहेत. तीन, स्वीप चालू असताना एखादी प्रत पुनर्संयोजनाने निसटली आणि आपले जुने फरक घेऊन राहिली.

तिसरी शक्यता तपासणं सोपं आहे. सहाही एकेकटे फरक एकाच प्रतीवर आहेत का ते पाहा. निसटलेली प्रत बाकीच्या नऊ एकसारख्या प्रतींपेक्षा वेगळी असते. तिच्यावर नवं रूप असलेल्या जागा "एकवर" या खान्यात पडतात, आणि जिथे बाकीच्या नऊंवर नवं रूप असून तिच्यावर जुनं आहे त्या "नऊवर" या खान्यात. आपल्याकडे सहा अधिक दोन, म्हणजे आठ फरक आहेत. खिडकी अ मध्ये कुठल्याही दोन प्रतींमध्ये सरासरी दहा फरक असतात. आठ ही संख्या त्याच्या जवळच आहे. म्हणजे खिडकी ब मध्ये नऊ प्रती जवळजवळ एकच वंशावळ सांगतात आणि दहावी बाहेरची आहे. दोनवर असलेली ती एक जागा खिडकीच्या काठाला असेल तर तिथे आणखी एका प्रतीची अदलाबदल झाली असावी.

हेच सहा फरक पाच वेगवेगळ्या पतंगांत विखुरलेले असते, तर डी आणि एच हे आकडे तसेच राहिले असते, पण गोष्ट पूर्ण वेगळी झाली असती. मग मी चुका किंवा जुना स्वीप यांचा विचार आधी केला असता. प्रती वेगळ्या करून, म्हणजे फेजिंग करून, मिळाल्या नसतील तरी सहाही फरक एकाच पतंगात आहेत का एवढं तरी व्हीसीएफ फाइलमध्ये डोळ्यांनी दिसतं.

दरी किती रुंद असायला हवी?

हा सगळ्यात कामाचा प्रश्न, आणि नेमका तोच कुणी विचारत नाही. साध्या, एकाच नव्या उत्परिवर्तनापासून सुरू झालेल्या स्वीपसाठी अंदाजे नातं असं आहे:

```
π / π0 ≈ 1 − (2N)^(−2r/s)
```

π0 म्हणजे स्वीपच्या आधीची विविधता, 2N म्हणजे लोकसंख्येतल्या गुणसूत्राच्या एकूण प्रती, r म्हणजे त्या जागेपासून जनुकापर्यंत एका पिढीत पुनर्संयोजन होण्याची शक्यता, s म्हणजे विषमयुग्मी अवस्थेतला फायदा. आपण 2N = १०⁶ धरू आणि एका बेसला पुनर्संयोजन, नर-मादी मिळून सरासरी, २ × १०⁻⁸ धरू. पतंगांच्या माद्यांमध्ये क्रॉसिंग ओव्हर होतच नाही, ते फक्त नरांत होतं. म्हणून नराच्या नकाशावरून काढलेला दर इथे सरळ न वापरता अलिंगी गुणसूत्रांसाठी अर्धा करावा लागतो. झेड गुणसूत्राचा दोन तृतीयांश काळ नरात जातो, तिथे हिशेब वेगळा. माणसाच्या किंवा माशीच्या स्क्रिप्टमधून आकडे उचलणारे इथेच फसतात.

s = ०.०५ घेतलं तर विविधता निम्म्यावर येण्याचं अंतर दोन्ही बाजूंना सुमारे ६३ किलोबेस येतं. पण असा स्वीप पूर्ण व्हायला 2 ln(2N)/s, म्हणजे साडेपाचशेच्या वर पिढ्या लागतात. बीटी येऊन तेवढ्या पिढ्या झालेल्याच नाहीत. s = ०.३ घेतलं तर वेळ ९२ पिढ्यांवर येतो, आणि निम्मं अंतर जवळजवळ ३७५ किलोबेस होतं. विविधता पाचव्या हिश्श्यावर येणारी जागा मग जनुकापासून साधारण १२० किलोबेसवर पडते. आपली खिडकी ब नेमकी तिथे आहे. त्या अंतरावर एखादी प्रत निसटण्याची शक्यता सुमारे दहात एक निघते, आणि दहातली एकच निसटलेली दिसते आहे.

उदाहरण मुद्दाम जुळवून घेतलं आहे हे उघड आहे. त्यातून घ्यायची गोष्ट अशी की रुंदी, वेळ आणि निसटलेल्या प्रती हे तीन आकडे एकमेकांना बांधलेले आहेत. कुणी वीस किलोबेस रुंदीची दरी दाखवून "ही बीटीमुळे" म्हणत असेल, तर त्याला s आणि पिढ्या विचारा. एकाच नव्या उत्परिवर्तनाचा, शंभर पिढ्यांत पूर्ण झालेला स्वीप एवढा अरुंद असू शकत नाही.

पण बीटीचा प्रतिकार अप्रभावी असतो ना? मग हे सूत्र चालतं का?

चालत नाही, आणि हीच खरी अडचण आहे. गुलाबी बोंडअळीत क्राय१एसी या विषाचा प्रतिकार कॅडहेरिन जनुकातल्या बिघाडांशी जोडलेला आहे आणि तो साधारणपणे अप्रभावी असतो. म्हणजे दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तरच अळी जगते. विरळ असताना अशी प्रत जवळजवळ कायम एका चांगल्या प्रतीसोबत असते, आणि निवडीला ती दिसतच नाही. कडेला बिगरबीटी कपाशीच्या ओळी लावायच्या त्यामागचा तर्क हाच: तिथले संवेदनशील पतंग येऊन प्रतिकारकांशी जुगावेत आणि पिल्लं विषमयुग्मी निघावीत.

गणित असं. समयुग्मींना बाकीच्यांपेक्षा दुप्पट यश मिळतं धरलं, तरी सुरुवातीची वारंवारता x0 असेल तर वर यायला साधारण 1/x0 पिढ्या जातात. हजारात एक असेल तर हजार पिढ्या, शंभरात एक असेल तर शंभर. फायदा दुपटीपेक्षा मोठा असेल तर वेळ त्या प्रमाणात कमी होतो, पण एकाच नव्या प्रतीपासून, म्हणजे दहा लाखांत एकपासून, वीस वर्षांत वर येणं तरीही अशक्यप्राय राहतं. तेव्हा शेतात प्रतिकार आला तो आधीपासून थोड्याफार संख्येने पडून असलेल्या प्रतींमधून आला असणार. एक टक्का म्हणजे दहा लाख प्रतींमध्ये दहा हजार. त्या सगळ्या एकाच तुकड्यावर बसलेल्या नसतात.

म्हणजे सॉफ्ट स्वीप?

हो. भारतातल्या प्रतिकारक अळ्यांच्या कॅडहेरिनमध्ये एकापेक्षा अधिक, वेगवेगळ्या प्रकारचे बिघाड सापडलेले आहेत. जनुक मोडायला शंभर वाटा असतात, आणि कुठल्याही वाटेने मोडलं तरी अळीला फायदा तोच. म्हणून एकच विजेता हॅप्लोटाइप, म्हणजे एकाच प्रतीवर सोबत असलेल्या फरकांचा संच, येत नाही, अनेक येतात. जोआखिम हर्मिसन आणि प्लुनी पेनिंग्ज यांनी २००५ मध्ये या प्रकाराचं गणित मांडलं.

चार हॅप्लोटाइप ४०, ३०, २० आणि १० टक्क्यांवर थांबले असं समजा. यादृच्छिक दोन प्रती सारख्या असण्याची शक्यता ०.१६ + ०.०९ + ०.०४ + ०.०१ = ०.३०. म्हणजे अगदी जनुकाच्या मधोमधही π नेहमीच्या ७० टक्के उरतो. दरी कसली, खळगाच. आणि फरक ४० किंवा ३० टक्क्यांवर असल्याने मधल्या वारंवारता वाढतात, त्यामुळे ताजिमा डी ऋण न येता धन येऊ शकतो. ज्याने "डी −१.५ च्या खालच्या खिडक्या" असा गाळणा लावला आहे त्याच्या हातातून देशातला सगळ्यात महागडा प्रतिकार निसटून जाईल.

अशा वेळी हॅप्लोटाइपवरच्या संख्या वापराव्या. पहिल्या दोन हॅप्लोटाइपना एकत्र धरून वर्ग करायचा: (०.७)² + ०.०४ + ०.०१ = ०.५४, ही H12. पहिला वगळून उरलेल्या वर्गांची बेरीज ०.१४, तिला ०.३० ने भागलं की ०.४७, ही H2/H1. H12 मोठी म्हणजे थोडेच हॅप्लोटाइप माजले आहेत. त्यासोबत H2/H1 पण मोठी म्हणजे ते एकाहून अधिक आहेत. H2/H1 एकटी वाचू नका, साध्या विविध जागेतही ती मोठीच असते.

नमुने कुठून घ्यावेत? कामगंध सापळ्यातले पतंग चालतील का?

चालतील, पण काय मिळतं ते माहीत असू द्या. सापळ्यात फक्त नर येतात. नरात झेड गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, त्यामुळे सिक्वेन्सिंगची खोली सगळीकडे सारखी मिळते, हा फायदा. तरीही झेडवरची अपेक्षित विविधता बाकीच्या गुणसूत्रांच्या सुमारे तीन चतुर्थांश असते. तिला त्याच मापाने मोजलं तर सगळं झेड गुणसूत्रच संशयित दिसेल.

दुसरं, पतंग उडून येतो. धरणगावच्या बीटी शेतातल्या सापळ्यात आलेला नर त्याच शेतात जगून वाढला असं म्हणता येत नाही. जगलेलीच अळी हवी असेल तर हिरवी बोंडं फोडून अळ्या काढा, किंवा फुलोऱ्यात डोमकळ्या वेचा. पण एकाच झाडावरच्या अळ्या बहुधा भावंडं असतात. भावंडं नमुन्यात आली की एकेकट्या फरकांचे दोनदोन होतात आणि स्पेक्ट्रम डोळ्यांदेखत बिघडतो. एका शेतातून एकच अळी, आणि शेतं चोपडा, पारोळा, शिरपूर, शहादा अशी पसरलेली, हे बरं. फरदड ठेवलेल्या शेतात फेब्रुवारीपर्यंत अळ्या मिळतात म्हणून तिथूनच सगळा नमुना भरण्याचा मोह होतो. तो आवरा. एकाच शेतात पिढ्यामागून पिढ्या वाढलेल्या अळ्यांत जवळचं नातं असतं.

मोजणी कशाने करायची?

सुरुवातीला साधं:

```
vcftools --gzvcf pgos.vcf.gz --window-pi 10000 --window-pi-step 5000 --out pgos
vcftools --gzvcf pgos.vcf.gz --TajimaD 10000 --out pgos
```

यात एक खड्डा आहे. फाइलमध्ये फक्त बदलत्या जागा असतील तर ज्या जागी रीड्सच पोहोचले नाहीत ती जागा आणि जिथे खरोखर फरक नाही ती जागा, दोन्ही या आज्ञेला सारख्याच. मग खराब मॅपिंगचा पट्टा दरीसारखा दिसतो. न बदलणाऱ्या जागाही फाइलमध्ये ठेवा आणि pixy सारखं साधन वापरा, ते मोजलेल्या जागांनीच भागतं. प्रत्येक दरीखाली रीड्सच्या खोलीचा आलेख लावून पाहायची सवय ठेवा.

गाळण्यांबद्दलही तेच. "किमान वारंवारता ५ टक्के" ही अट असोसिएशनच्या कामातून सवयीने आलेली असते. इथे ती लावली की विरळ फरक उडतात, डी कृत्रिमरीत्या वर सरकतो आणि स्पेक्ट्रमचं एक टोकच कापलं जातं. कमी खोलीवर उलटी तऱ्हा: खरे एकेकटे फरक पकडलेच जात नाहीत.

संपूर्ण गुणसूत्रावर चालवायला SweepFinder2 किंवा SweeD घ्या. ही साधनं उरलेल्या जनुकसंचाचाच स्पेक्ट्रम तुलनेला घेतात आणि कुठे अंतराबरोबर बदलणारं स्वीपचं चित्र जास्त चांगलं बसतं ते सांगतात.

```
SweeD -name chr5 -input chr5.vcf -grid 1000
```

जुनं रूप कोणतं आणि नवं कोणतं हे कसं ठरवायचं?

एच साठी हे लागतंच. गुलाबी बोंडअळीची ऑस्ट्रेलियातली जवळची बहीण पेक्टिनोफोरा स्कुटिगेरा, किंवा मिळेल ती जवळची दुसरी जात, तुलनेला घ्यावी. चूक झाली की "एकवर" असलेली जागा "नऊवर" नोंदली जाते. आपल्या गणितात अशी एक जागा θH मध्ये १.८ टाकते. दोन जागा उलट्या पडल्या की एच चा सगळा निकाल त्यांचाच. म्हणून एकट्या एच वर मी कधीच भिस्त ठेवत नाही.

बहिणीच्या जातीचा दुसराही उपयोग आहे. त्याच खिडकीत दोन जातींमधलं अंतर मोजा. विविधता कमी आणि हे अंतरही कमी, तर तिथे उत्परिवर्तनाचा दर कमी असेल किंवा जागा फार जपली जात असेल. विविधता कमी पण अंतर नेहमीसारखं, तर अलीकडच्या घटनेचा संशय वाढतो.

लोकसंख्या घटली असेल तर तसंच चित्र येत नाही का?

येतं, आणि किडींच्या बाबतीत ही शंका कायम डोक्यावर असते. उन्हाळ्यात कापूस नसतो, अळी सुप्तावस्थेत जाते, संख्या पडते, पुन्हा वाढते. संख्या घटून वाढली की संपूर्ण जनुकसंचाचा डी सरकतो. हे तितकं फसवं नाही, सगळीकडे सारखं दिसतं. फसवं हे की अशा घटीत काही जागांच्या सगळ्या प्रती योगायोगाने एकाच पूर्वजापाशी मिळतात आणि काहींच्या मिळत नाहीत. त्या पहिल्या जागा हुबेहूब स्वीपसारख्या दिसतात.

"सगळ्यात खालचा एक टक्का" घेणं हे त्यावरचं उत्तर नाही. चाळीस हजार खिडक्या असतील तर चारशे खिडक्या नेहमीच खालच्या एक टक्क्यात असतील, निवड झालेली असो वा नसो. आधी जनुकसंचाच्या एकंदर स्पेक्ट्रमवरून लोकसंख्येचा इतिहास बसवा, मग त्या इतिहासात निवड न घालता msms, discoal किंवा SLiM ने अनुकरणं चालवा, आणि पाहा की तुमच्याएवढी खोल आणि तुमच्याएवढी रुंद दरी त्यात किती वेळा पडते. खोली एकटी तुलनेला घेऊ नका. घटीमुळे पडलेल्या दऱ्या खोल असतात, पण त्यांचे काठ जनुकाभोवती दोन्ही बाजूंना तशा शिस्तीत चढत नाहीत.

जुने नमुने मिळाले तर याहून भक्कम काही नाही. बीटीच्या आधी टाचणीला लावून ठेवलेले पतंग एखाद्या संग्रहात असतील, तर तीच खिडकी त्यांच्यात मोजा. तिथेही दरी असेल तर बीटीला दोष देता येणार नाही.

किती पतंग पुरेत?

दहा प्रतींवर वरचं उदाहरण कागदावर करता येतं म्हणून घेतलं. खऱ्या कामात हॅप्लोटाइप मोजायचे तर पन्नासेक प्रती तरी असाव्यात. नाहीतर १० टक्क्यांवरचा चौथा हॅप्लोटाइप दिसायचाच नाही आणि सॉफ्ट स्वीप हार्ड वाटेल. पैसे कमी असतील तर खोली थोडी कमी करून पतंग वाढवावेत. सगळ्या पतंगांचा डीएनए एकत्र करून सिक्वेन्सिंग करणं स्वस्त पडतं आणि π मिळतोही, पण हॅप्लोटाइप हातचे जातात. या किडीत ते परवडणारं नाही.

आम्ही रावेर-यावलचे, केळीवर असंच करता येईल का?

नाही. ग्रँड नैन ही ट्रिप्लॉइड, बी न धरणारी, उतीसंवर्धनाने वाढवलेली जात आहे. सगळ्या बागा एकाच रोपाच्या प्रती. पुनर्संयोजन नाही, म्हणून फायद्याच्या जागेभोवतीची दरी हा प्रकारच उरत नाही. विविधता सगळीकडेच नाहीशी झालेली आहे. रानटी मुसा अक्युमिनाटा, जी बियांपासून वाढते, तिच्यात करता येईल.

प्रबंधात काय लिहावं?

खिडकीचा आकार, किती जागा खरोखर मोजल्या, रीड्सची खोली, कोणते गाळणे लावले, जुनं रूप कशावरून ठरवलं, पुनर्संयोजनाचा कोणता दर धरला आणि तो मादीसाठी दुरुस्त केला का. दरीची रुंदी आणि त्यातून निघणारं s. ते s आणि २००२ पासूनच्या पिढ्या जमतात का. निसटलेल्या प्रती किती आणि कुठे. त्या भागात किती जनुकं आहेत, कारण ३७५ किलोबेसची दरी दोन्ही बाजूंना म्हणजे पाऊण मेगाबेस होते आणि त्यात कॅडहेरिन एकटं नसतं. स्वीप कुठे झाला हे आलेख सांगतो. कोणत्या जनुकामुळे झाला ते सांगायला त्या अळ्यांना विष खाऊ घालून केलेली चाचणी आणि त्यांच्या कॅडहेरिनची थेट सिक्वेन्सिंग जोडावी लागते.